एका पानावर दुकान

मंडळी, विषय 'दुकानाचे चार आकडे, एका पानावर' असा आहे. पण त्याआधी सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका चादरीच्या दुकानाची गोष्ट सांगतो. कारण तिथली चूक माझीच होती.

मालकांना आपण काका म्हणू. त्यांना मी एक्सेलमध्ये एक पान करून दिलं होतं. या महिन्याची विक्री आणि शेजारी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याची. वाढली तर हिरवा बाण, घटली तर लाल. डिसेंबर २०२४ लागला आणि काकांचा फोन आला, "अहो, धंदा निम्म्यावर आलाय!" मी पान उघडलं. नोव्हेंबर २०२३ ला ६ लाख २०,०००, यंदा ३ लाख १०,०००. लाल बाण. काकांनी घाबरून गड्ड्याच्या जत्रेसाठी सांगितलेल्या चादरी रद्द केल्या. जानेवारीत होम मैदानावर गर्दी लोटली, दुकानात मोठ्या मापाची चादर शिल्लक नाही. काकू गिऱ्हाइकाला सांगत होत्या, "दोन दिवसांनी या." जत्रेला आलेला माणूस दोन दिवसांनी कशाला येतोय!

धंदा पडलाच नव्हता. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ साली १ नोव्हेंबरला. दिवाळीची सगळी खरेदी ऑक्टोबरात सरकली. दोन्ही महिने एकत्र धरले तर ९ लाख २० हजारांवरून विक्री ९ लाख ५० हजारांवर गेली होती. बाण हिरवा हवा होता.

तेव्हापासून मी दिवाळीची तुलना तारखेनं करत नाही. लक्ष्मीपूजनाच्या आधीचे ३० दिवस, गेल्या वर्षीच्या तशाच ३० दिवसांशी लावतो. गड्डा मात्र संक्रांतीला धरून असतो, तिथे तारीख चालते. आणि रोजचा गल्ला कालच्याशी नाही, मागच्या चार आठवड्यांतल्या त्याच वाराशी लावायचा. रविवारशी सोमवार ताडून काय कळणार?

पाचच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय, तेव्हा चार आकडे भराभर सांगतो.

पहिला गल्ला, रोख आणि यूपीआय मिळून. दुसरा मार्जिन, कारण सूट देऊन विक्री फुगते आणि हातात काही राहत नाही. तिसरी उधारी. एकूण उधारी नको, ३० दिवसांवरची तेवढी, आणि खाली सगळ्यात मोठी पाच नावं. नाव दिसलं की फोन करता येतो.

चौथा, माल किती दिवस पुरेल. काकांकडे २४० चादरी आहेत, रोज ६ जातात, म्हणजे ४० दिवस. पण डिसेंबरअखेरीस हा भागाकार फसवतो. तेव्हा गेल्या जत्रेतला रोजचा खप धरायचा. काकांच्या बाबतीत माल संपला त्याच्या आधीच्या दिवसांचा, कारण रिकाम्या फळीवरून खप मोजता येत नाही. तो होता २०. म्हणजे १२ दिवस. अक्कलकोट रोडच्या कारखान्यातून माल यायला त्यांना १५ दिवस लागतात. तिथे लाल खूण हवी, आणि ती बघून काकांनी त्याच दिवशी कारखान्याला फोन करायचा.