एका गाडीत दोन घरचा कापूस

(तालुक्याच्या महाविद्यालयातील व्याख्यानाचा संपादित भाग)

गरजा समजून घेणे, रचना, कोडिंग, चाचणी, बसवणे, देखभाल. सॉफ्टवेअर करण्याचे फळ्यावरचे हे टप्पे कुठल्याच पद्धतीत टळत नाहीत. वॉटरफॉलमध्ये सगळ्या कामासाठी ते एकदाच ओळीनं होतात. इटरेटिव्हमध्ये थोडं काम घेऊन सगळे टप्पे करायचे, वापरून पाहायचं आणि पुन्हा पहिल्यापासून पुढची फेरी.

आपल्याकडच्या एका जिनिंगसाठी मी काटापावतीचं सॉफ्टवेअर केलं होतं. उन्हाळ्यात मालकाशी बसून गरजा लिहिल्या, सही घेतली. एक गाडी, एक शेतकरी. भरलेलं वजन वजा रिकामं वजन. दिवाळीनंतर पहिल्याच दिवशी काट्यावरचे दिवाणजी म्हणाले, "एका गाडीत दोन घरचा कापूस येते ना जी, त्याची पावती कशी काढू?"

गाडीभाडं वाचवायला दोघं मिळून गाडी करतात, हे मलाही ठाऊक होतं. मी शेतकऱ्याचाच पोरगा! पण कागदावर ते सुचलं नाही.

गाडी भरलेली ४२८० किलो. पहिल्याचा माल उतरवल्यावर ३१३०, रिकामी १७६०. म्हणजे पहिल्याचा कापूस ११५० किलो, दुसऱ्याचा १३७०. वजनं तीन, आणि माझ्या डेटाबेसच्या टेबलात एका पावतीला जागा दोनच. प्रत्येक वजनाची वेगळी नोंद ठेवून लागोपाठच्या दोन नोंदींचा फरक शेतकऱ्याच्या नावे टाकायला हवा होता. आता टेबल बदललं की पावती बदलली, चुकारा बदलला, रोजचा गोषवारा बदलला, आणि चाचणी पुन्हा मुळापासून. चूक पहिल्या टप्प्यातली, कळली शेवटच्या टप्प्यात. मधलं सगळं काम तिच्यावरच उभं होतं.

फक्त वजन आणि पावती एवढंच करून पंधरा दिवसांत काट्यावर नेलं असतं, तर हाच प्रश्न तेव्हाच आला असता आणि एक टेबल बदलून भागलं असतं. गंमत म्हणजे, वॉटरफॉलचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात त्या विन्स्टन रॉयसनं १९७० च्या लेखात हा शब्द वापरलाच नव्हता. चाचणी शेवटी ठेवणारी सरळ ओळ जोखमीची आहे, असंच त्यानं लिहिलं होतं. नवीन काम असेल तर आधी छोटा नमुना करून पाहा, हाही सल्ला त्याचाच.

म्हणून सगळंच फेऱ्यांनी करावं असं मी म्हणणार नाही. काट्याच्या इंडिकेटरमधून संगणकात वजन कसं येणार, हे मी आजही आधीच पक्कं करतो. ते यंत्र दर पंधरवड्याला बदलत नाही. आणि फेरीला वापरणारा माणूस लागतो. जूनमध्ये जिनिंगला कुलूप असतं, काट्यावर गाडी नसते. तेव्हा दाखवलेल्या स्क्रीनला मालक "छान आहे" म्हणतो आणि आपल्याला काहीच कळत नाही. म्हणून आता मी उन्हाळ्यात मागच्या हंगामाची पावतीबुकं मागून घेतो आणि खाडाखोड झालेल्या पावत्या आधी वाचतो.