पंचवीस हजारांची स्पॉन्सरशिप आणि सत्तावीस गिऱ्हाइकं

(आमच्या व्यापारी असोसिएशनच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण, रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं नीट केलेलं.)

मंडळी, माझं कराडात चष्म्याचं दुकान आहे हे तुम्हाला माहितीच आहे, आणि समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या नाकावर माझीच फ्रेम आहे, त्यामुळे खोटं बोलून चालणार नाही. आज एकाच गोष्टीचं बोलतो. टेनिस बॉलच्या टुर्नामेंटला दिलेले पैसे परत आले का, आणि ते कसं कळलं.

पहिल्या वर्षी काय झालं ते आधी सांगतो. जानेवारीत मंडळाची पोरं आली, पाच-सहा जण, पुढे गळ्यात मफलर घातलेला एक, म्हणाला काका दुसरं बक्षीस तुमच्याकडून, 25 हजार, बाउंड्रीवर दोन फ्लेक्स, समालोचक दर ओव्हरला नाव घेणार, बक्षीस वाटायला स्टेजवर तुम्ही. मी दिले. तीन रात्री मैदानात गेलो, माझ्या दुकानाचं नाव लाउडस्पीकरवर ऐकलं, फेटा बांधला, फोटो आला, घरी आलो आणि बायकोला म्हणालो मस्त जाहिरात झाली. तिनं विचारलं किती गिऱ्हाइकं आली? मला सांगता येईना. एकही आकडा नव्हता माझ्याकडे. बरं, धंदा त्या महिन्यात चांगला झाला होता, पण तो त्यामुळेच झाला का, हे कोण सांगणार.

म्हणून पुढच्या वर्षी पोरं परत आली तेव्हा हो म्हणायच्या आधी मी कागद घेतला. पहिला हिशोब अगदी सोपा आहे, पण आपण तो करत नाही, कारण आपण पैसे बिलाच्या आकड्यावर मोजतो. माझं सरासरी बिल 1,800 चं होतं. त्यातले साधारण 1,000 फ्रेम, काच आणि फिटिंगला जातात, हातात राहतात 800. टुर्नामेंटच्या कूपनवर 200 सूट द्यायची ठरवली तर राहिले 600. आणि खर्च 25 हजार नाही हो, फ्लेक्स छापायचे, कूपन छापायचे, स्टॉलला टेबल-खुर्च्या, दुकानातल्या पोराला तीन रात्रींचा जादा पगार, सगळं मिळून 5 हजार वरचे. म्हणजे 30 हजार. 30 हजाराला 600 नं भागा, 50. म्हणजे या तीन रात्रींमुळे, एरवी आलीच नसती अशी 50 माणसं दुकानात येऊन चष्मा घेऊन गेली तर माझे फक्त पैसे वसूल, फायदा शून्य. हा 50 चा आकडा डोक्यात ठेवून मैदानाकडे बघितलं की मैदान वेगळंच दिसायला लागतं बघा.

पोरं म्हणत होती काका पाच हजार पब्लिक असतं आणि यूट्यूबला लाईव्ह, लाखात व्ह्यूज. असतील की. पण लाईव्ह बघणारा मुंबईत नाहीतर दुबईत बसलेला आपल्या गावचा पोरगा, तो चष्मा करायला कराडात येणार नाही. मैदानातलं पब्लिक घ्या, टीम साताऱ्याच्या, सांगलीच्या, पलीकडच्या तालुक्यांतल्या, त्यांच्याबरोबर त्यांची जीपभर माणसं, ती मॅच हरली की रात्रीच परत जातात. उरलेल्यातली बरीच सोळा ते पंचविशीची पोरं, ज्यांचा चष्मा आईबाप ठरवतात. माझं खरं गिऱ्हाईक चाळिशीच्या पुढचं, ज्याला जवळचं दिसेना झालंय. ते मैदानात असतं, पण थोडं असतं.

तरी दिले मी, म्हटलं एकदा मोजूनच बघू. कूपन 1,000 छापले, पण दोन सिरीजमध्ये. एक सिरीज स्टॉलवर जो बसून डोळे तपासून घेईल त्यालाच, तशी 140 गेली. दुसरी, बाकीची 860, चहावाल्याबरोबर आणि गेटवर वाटली. नंबर वेगळे म्हणून कुठलं कूपन कुठून आलं हे लगेच कळायचं. मुदत 10 मार्चपर्यंत. हे कूपन बिलाला पिन मारून ठेवायचं एवढंच पोराला सांगितलं, आणि गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर तसाही बिलावर असतोच.

दीड महिन्यानं 64 कूपन परत आली. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू, 50 पाहिजे होती आणि 64 आली! दुसऱ्या दिवशी सकाळी निवांत बसून एकेक नंबर जुन्या बिलांशी ताडून बघितला. 64 पैकी 27 माझीच जुनी माणसं. नेहमी येणारी, 200 वाचले म्हणून कूपन घेऊन आलेली. त्यांना मी माझ्या खिशातले 5,400 उगाच दिले. उरली 37 नवी.

आता इथेच बहुतेक लोक थांबतात, आणि इथेच मेख आहे. 37 नवी आली, पण नवी माणसं तर टुर्नामेंट नसतानाही येतात. ती किती येतात ते बघायला हवं. मी आदल्या दोन वर्षांची तीच तारीख ते तीच तारीख काढली, जुनं बिलिंग सॉफ्टवेअर असल्याचा हा एक फायदा, एकदा 92 आणि एकदा 96 नवी गिऱ्हाइकं होती. या वर्षी 121. म्हणजे एरवीपेक्षा जास्त आली ती साधारण 27. कूपनवाली 37 असली तरी त्यातली दहा-एक तशीही येणारच होती, त्यांना फक्त वाटेत माझं कूपन मिळालं. तोंडी विचारूनही बघितलं होतं, कूपन नसतं तर आला असता का म्हणून, पण त्याचा काही उपयोग नाही, समोरचा माणूस भिडेखातर आपल्याला बरं वाटेल तेच बोलतो.

आणि खरं सांगायचं तर 27 हासुद्धा जरा उदार आकडा आहे, कारण त्याच काळात चावडीजवळचं दुसरं चष्म्याचं दुकान लग्नामुळे दहा दिवस बंद होतं. ते किती धरायचं मला समजेना, म्हणून सोडून दिलं.

चला, हिशोब. 27 गुणिले 600, 16,200. त्यातून जुन्यांना दिलेली सूट 5,400 आणि तशाही येणाऱ्या दहा जणांची 2,000 वजा, राहिले 8,800. खर्च 30 हजार. म्हणजे 21 हजार अंगावर. पण चष्म्याचा धंदा एका बिलाचा नाही, माणूस दोनेक वर्षांनी नंबर बदलला की परत येतो, नाहीतर बायकोला, पोराला घेऊन येतो, त्यामुळे तेवढ्यावर निकाल लावणं अन्याय झाला असता. मी ते 37 नंबर वहीत उतरवून ठेवले आणि दोन वर्षांनी काढले. 15 परत आले होते किंवा घरचं कुणी घेऊन आले होते. तशाही येणाऱ्यांचा वाटा काढला तर 11 धरू, सूट नव्हती म्हणून 800 नं, परत 8,800. एकूण 17,600. तरी 12 हजाराचा खड्डा राहिलाच. तुमचा किराणा असेल तर हे उलटंही पडू शकतं, तिथे मार्जिन बारीक पण गिऱ्हाईक महिन्याला येतं, तिथे परत येण्याचाच हिशोब मोठा. साड्यांवाल्यांनी एक वर्ष तरी वाट बघायला हवी, लग्नसराई एक गेली पाहिजे मधून.

पण खरी मजा त्या दोन सिरीजमध्ये होती, आणि हे मला पहिल्याच मार्चमध्ये दिसलं. 37 नव्यांपैकी 29 स्टॉलच्या 140 मधून आली होती. चहावाल्यानं आणि गेटवर वाटलेल्या 860 मधून फक्त 8. म्हणजे फ्लेक्स, समालोचक, फेटा, स्टेज यावर 25 हजार गेले आणि माणसं आणली ती एका टेबलानं. आणि का आणली तेही मी बघितलं होतं. सहा-आठ ओव्हरची मॅच, दोन मॅचमध्ये दहा-पंधरा मिनिटांचा गॅप, त्यात लोक नुसते उभे असतात. सहा मीटरवर अक्षरांचा बोर्ड लावला होता आणि त्याला स्वतंत्र बल्ब, कारण मैदानाच्या फ्लडलाइटची चकाकी पडून खालची ओळ कुणालाच वाचता येईना. आणि जवळचं वाचायचं कार्ड. टुर्नामेंटचा स्कोअरर, पन्नाशीचे असतील, स्कोअरबुक हात पूर्ण लांब करून लिहीत होते. त्यांना हाक मारून कार्ड दिलं, ते म्हणाले छापाई खराब आहे तुमची. मग ट्रायल फ्रेममध्ये काच घालून दिल्यावर परत तेच कार्ड वाचलं आणि काही बोलले नाहीत, पण सोमवारी दुकानात आले आणि मेव्हण्याला घेऊन आले.

तर तिसऱ्या वर्षी मंडळाला सरळ सांगितलं, बक्षीस नको, फ्लेक्स नको, मला पॅव्हेलियनजवळ, पाण्याच्या टाकीच्या शेजारी स्टॉलची जागा द्या, दुसरा चष्मेवाला मैदानात नको, आणि हे कागदावर द्या, 8 हजार देतो. थोडे नाराज झाले. दोन दिवसांनी हो म्हणाले, कारण बक्षिसाला दुसरा कुणी तरी मिळतोच. सूटही बंद केली, त्याऐवजी केस आणि पुसायचं कापड फुकट, ते मला 60 रुपयांना पडतं. वरचा खर्च 3 हजार, एकूण 11 हजार. स्टॉलवरून 22 नवी आली. आधीच्या अनुभवानं त्यातली सहा तशीही आली असती असं धरलं, तर 16 गुणिले 740 म्हणजे 11,840, सहा जणांची कापडं-केस वजा करून साडेअकरा हजार. पहिल्याच दीड महिन्यात पैसे वसूल.

दोन गोष्टी हिशोबाबाहेरच्या, त्या पटकन. एक, गावात राहायचं तर मंडळाला वर्गणी द्यावी लागते, ती द्या, पण वर्गणीच्या खात्यात लिहा. वर्गणीला जाहिरात म्हटलं की दरवर्षी वाटतं पैसे बुडाले, आणि जाहिरातीला वर्गणी म्हटलं की कुणी हिशोब विचारत नाही. इन्कम टॅक्सलाही हे वेगळंच आहे, जाहिरात म्हणून खर्च दाखवायचा तर मंडळाच्या लेटरहेडवर काय दिलं, कुठल्या जाहिरातीसाठी, असं बिल घ्या, नुसती वर्गणीची पावती चालत नाही, 10 हजाराच्या वर एका दिवसात रोख देऊ नका, आणि स्मरणिका राजकीय पक्षाची असेल तर तो खर्च धरतच नाहीत. बाकी तुमच्या सीएला विचारा.

दुसरी, कोल्हापूरच्या माझ्या एका मित्राचं. तिथे फुटबॉल म्हणजे पेठांचं भांडण, शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठच्या पेठ तिकडे. यानं एका तालमीच्या टीमला जर्सी दिल्या, छातीवर दुकानाचं नाव. पुढच्या महिन्यात समोरच्या पेठेतली दोन जुनी घरं यायची बंद झाली. टीमपेक्षा स्पर्धेला दिलं असतं, नाहीतर पाण्याच्या बाटल्या सगळ्यांना दिल्या असत्या, तर ती घरं गेली नसती. गेलेलं गिऱ्हाईक कुठल्या कूपनमध्ये दिसत नाही, ते वजा करायला वही उघडून बसावं लागतं, कोण नेहमी येत होतं आणि गेल्या सहा महिन्यांत दिसलं नाही.

यंदा पोरं परत आलीत. पहिलं बक्षीस मागतायत, 51 हजार. मी विचारलं स्टॉलची जागा कुठे, तर म्हणाले ती या वर्षी मोबाइल कंपनीनं घेतली. मी अजून काही बोललो नाही. ते 22 नंबर आहेत वहीत, त्यातले किती परत आले ते आधी काढतो, मग सांगतो त्यांना.