चौतीस चुकांचा हिशेब

परीक्षेच्या अभ्यासाचं वर्षभराचं वेळापत्रक आखायला बसलं की आपण सगळे एकच चूक करतो. नऊ महिने वाचन, तीन महिने उजळणी. मीही असंच आखलं होतं, चार रंगांच्या पेनांनी. दहाव्या महिन्यात पहिल्या महिन्याची वही उघडली तेव्हा अक्षर माझं होतं, बाकी सगळं परकं.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचे आणि काही काळाने ते परत पाठ करायला किती वेळ वाचतो, हे मोजायचं. सर्वाधिक विसर पहिल्या दिवसातच पडतो, पुढे तो वेग मंदावतो, असं त्यांना आढळलं. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने. हे आकडे काही दगडावरची रेघ नव्हेत, पण अंतर वाढत गेलं पाहिजे.

आता अडचण अशी की रोज नवं वाचत गेलात तर जुन्याची थकबाकी साचते. उपाय एकच, प्रत्येक फेरीला लागणारा वेळ आटला पाहिजे. समजा एका विषयाची 40 प्रकरणं आहेत. पहिल्या वाचनाला प्रत्येकी 5 तास धरले तर 200 तास. दुसरी फेरी 2 तासांची, म्हणजे 80. तिसरी पाऊण तासाची, म्हणजे 30. चौथी पंधरा मिनिटांची, म्हणजे फक्त 10 तास. हा शेवटचा आकडा आधी ठरवायचा आणि त्यावरून नोट्सची लांबी काढायची. पंधरा मिनिटांत उरकायचं प्रकरण दोन पानांपलीकडे जाऊन चालत नाही. तिसऱ्या फेरीलाही तुम्ही मूळ पुस्तकच उघडत असाल, तर वेळापत्रक कोसळणार हे आत्ताच समजा.

आणि उजळणी म्हणजे परत वाचणं नव्हे. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, तिथेच फसगत होते. कोरा कागद घ्या, वही मिटा, आठवेल ते लिहा. मग वही उघडून जे राहिलं ते लाल शाईने भरा. पुढच्या फेरीत आधी लाल शाई बघायची. ‘धमन्या शुद्ध रक्त नेतात’ हे सगळ्यांनाच आठवतं. ‘फुप्फुस धमनी मात्र अशुद्ध रक्त नेते’ हे लाल शाईत सापडतं, आणि पेपर काढणारा नेमका तिथेच दबा धरून असतो.

विषयवार छोट्या चाचण्या चौथ्या महिन्यापासून, पूर्ण सराव पेपर आठव्यापासून. दोन तासांच्या पेपरच्या तपासणीला तीन तास तरी हवेत. ते नसतील तर त्या दिवशी पेपर सोडवूच नका. सोडवतानाच प्रश्नापुढे खूण करायची. खात्री असेल तर बरोबरची खूण, दोन पर्यायांत अडकलात तर गोल, निव्वळ अंदाज असेल तर टिंब. घरी गेल्यावर प्रत्येकाला वाटतं, ‘मला येत होतं’. ही खूण खोटं बोलू देत नाही.

एका मुलाचा पेपर सांगतो. 100 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, चुकीला दोन तृतीयांश गुण वजा. त्याने 86 सोडवले, 52 बरोबर, 34 चूक. म्हणजे 104 वजा 22.67, हाती 81.33. त्याने ठरवून टाकलं की अंदाजपंचे उत्तरांनी घात केला. खुणा पाहिल्या तर टिंबं एकूण 7, त्यातली 5 चुकली, 2 लागली. मिळाले 4, गेले 3.33. चार पर्यायांत आणि या वजावटीत निव्वळ अंदाजाची सरासरी शून्यच येते, तिथे गळती नव्हतीच.

उरलेल्या 29 पैकी 9 प्रश्न त्याने कधी न वाचलेल्या भागातले. 6 मध्ये ‘अयोग्य विधान ओळखा’ असं असताना योग्य विधान निवडलेलं. आणि 14 चुकांपुढे गोल. वाचलेलं, पण धूसर झालेलं. यातले निम्मे जरी पक्के झाले तर 7 प्रश्नांचे 14 गुण येतात, वजावटीचे 4.67 वाचतात, आणि 81.33 चे बरोबर 100 होतात. नवीन पुस्तक न आणता.

तो नवीन पुस्तकच आणायला निघाला होता. त्याऐवजी ते 14 मुद्दे दोन पानी नोट्समध्ये लाल शाईने गेले. ‘अयोग्य’ शब्दाला प्रश्न वाचतानाच चौकोन करायची सवय लावली. 9 पैकी वारंवार विचारल्या जाणाऱ्या भागातले चार वाचायला घेतले, पाच सोडून दिले.

तोच पेपर लगेच परत सोडवू नका, उत्तर नव्हे, पर्यायाचा क्रमांक आठवतो. महिन्याभराने फक्त गोलांचे प्रश्न काढा, पर्याय झाकून. त्याने तसे काढले तेव्हा 14 पैकी 9 आले. उरलेले 5 त्याने एका चिठ्ठीवर उतरवले, आणि शेवटच्या फेरीची सुरुवात त्या चिठ्ठीपासून केली.