भाऊजींचा एक पेग

बसा बसा, मागच्यांना ऐकू येतंय ना? दारू आणि कॅन्सरवर बोलायला मला चाळीस मिनिटं दिलीत, पण सुरुवात भाऊजींच्या पेगपासून केल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

आमचे भाऊजी आठवड्यातून चार संध्याकाळी एक पेग घ्यायचे, मोजून एक, आणि बहिणीचाही त्यावर विश्वास. मी डॉक्टर, त्यामुळे दरवेळी तोच विषय निघायचा, "अरे थोडी घेतली तर हार्टला चांगली असते, पेपरात आलंय", आणि पाकिटातून घडी घालून ठेवलेलं कात्रण काढून दाखवायचे. एकदा मी म्हटलं, ओता बघू तुमचा पेग. त्यांनी नेहमीच्या सवयीनं ओतला, वरची बोटभर जागा सोडून. मी तो बहिणीच्या केकच्या मापात ओतला तर नव्वद मिली! बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं, म्हणजे ९० मिलीत साधारण ३८ मिली शुद्ध अल्कोहोल, आणि अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं म्हणून ०.७९ नं गुणायचं, झाले ३० ग्रॅम. भाऊजींच्या डोक्यात मात्र ६० मिली, म्हणजे २० ग्रॅम. हा ग्रॅमचा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. बियरवाल्यांनी हसू नका, ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे ४१ ग्रॅम.

आता ते कात्रण. जुन्या अभ्यासांत थोडी पिणाऱ्यांची तुलना अजिबात न पिणाऱ्यांशी करायचे, पण न पिणाऱ्यांच्या गटात कोण बसलेलं असायचं? लिव्हर बिघडलं, बीपी वाढलं, डॉक्टरांनी बंद करायला लावली असेही लोक त्यात. आजारी माणसं त्या गटात घातली की थोडी पिणारा आपोआप तब्येतीनं चांगला दिसतो. अशांना वेगळं काढलं की तो फायदा बराचसा विरघळतो, आणि हार्टचा वाद तुम्ही कितीही चालवा, कॅन्सरच्या बाबतीत तसा फायदा दिसतच नाही.

कारण साधं आहे. दारू शरीरात गेली की तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, ते पेशींच्या डीएनएला चिकटतं, तोडतं, दुरुस्ती बिघडवतं. ते पुढे निरुपद्रवी होतं खरं, पण मधल्या वेळेत काम करून जातं. आणि हे फक्त लिव्हरमध्ये होत नाही, तोंडातले जंतूसुद्धा घोटाघोटाला ते बनवतात, म्हणून तोंड, घसा, अन्ननलिका. बायकांमध्ये इस्ट्रोजेन वाढतं, म्हणून स्तन. २००९ साली ब्रिटनमधल्या जवळपास १३ लाख बायकांचा अभ्यास आला. त्यातल्या अंदाजानुसार न पिणाऱ्या हजार बायकांत पंचाहत्तरीपर्यंत साधारण ९५ जणींना स्तनाचा कॅन्सर होतो, रोज एकच छोटं ड्रिंक, १० ग्रॅमचं, घेतलं की त्यात ११ जणींची भर. आणि तंबाखू खाणाऱ्यानं दारू घेतली तर तोंडाच्या कॅन्सरचा धोका बेरजेनं वाढत नाही, त्याहून कितीतरी जास्त वाढतो. आपल्याकडे हे फार जवळचं आहे, ओपीडीत मी त्याच जोडीला सगळ्यात घाबरायचो.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, माझं निम्मं राहिलंय, तर भरभर सांगतो. आठवड्याला किती दारूपर्यंत ठीक, ही देशोदेशीची लिमिट कशी ठरते? प्रत्येक आजारासाठी किती ग्रॅमला धोका किती वाढतो याची रेघ काढतात, ती त्या देशात त्या आजारानं किती मरतात त्याला लावतात, हार्टचा काही फायदा धरायचा तर तो वजा करतात, आणि मग दारूमुळे मरण्याची शक्यता एका ठरावीक आकड्याला कुठल्या ग्रॅमवर पोचते ते बघतात. कॅन्सरची रेघ शून्यापासूनच चढायला लागते, तिला सुरक्षित असा सपाट तुकडाच नाही, त्यामुळे तो आकडा माणसांनाच ठरवावा लागतो. ब्रिटननं २०१६ साली साधारण शंभरात एक मृत्यू धरला, आठवड्याला १४ युनिट आले, म्हणजे ११२ ग्रॅम, बायका-पुरुष दोघांनाही तेवढेच. ऑस्ट्रेलियानं २०२० साली जवळपास तोच धोका धरून १०० ग्रॅम म्हटलं. कॅनडात २०२३ साली लो रिस्कसाठी हजारात एक धरलं, तर आठवड्याला फक्त दोन ड्रिंक, २७ ग्रॅम. विज्ञान तेच, स्वीकारलेला धोका वेगळा. आणि हे हिशेब त्यांच्या लोकसंख्येचे, तंबाखूमुळे जिथे तोंडाचा कॅन्सर मुळातच जास्त, तिथे तेवढ्याच ग्रॅमला भर जास्त पडते.

भाऊजींकडे परत. त्यांच्या हिशेबानं आठवड्याला चार गुणिले वीस, ८० ग्रॅम, ब्रिटन-ऑस्ट्रेलियात आरामात आत. मापानं १२० ग्रॅम, दोन्हीकडे बाहेर, आणि कॅनडाच्या मापानं पहिल्याच संध्याकाळी, पहिल्याच ग्लासात. मी हे कागदावर मांडून दिलं. कात्रण अजून पाकिटात आहे, पण आता ते मापातनं ओततात, तीस मिली, आणि आठवड्यातून एकदाच.