कवितेतला आकडा कोणी मोजला?

नमस्कार श्रोतेहो. ज्ञानेश्वरीच्या शेवटी एक ओवी येते: ‘शके बाराशतें बारोत्तरें, तैं टीका केली ज्ञानेश्वरें.’ शके 1212, म्हणजे इसवी सन 1290. ओवीत चक्क साल घातलं आहे, तरी ती रुक्ष वाटत नाही. बाराशतें आणि बारोत्तरें यांत ‘बारा’ दोनदा वाजतो, आणि ‘बारोत्तरें’ला ‘ज्ञानेश्वरें’चं यमक मिळतं. शिवाय हे साल सांगणाऱ्याला त्या सालाशी कर्तव्य आहे, कारण हातून झालेल्या कामाची तो नोंद करतो आहे. कवितेत आकडा आला की मी हेच विचारतो: हा आकडा कोणी मोजला, आणि का?

आपल्या इंदूरचंच उदाहरण घेऊ. हुकूमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांच्या देण्यांचा निवाडा व्हायला 2023 चा डिसेंबर उजाडला, आणि रक्कम होती सुमारे 224 कोटी. यावर कविता लिहायला बसणारा बहुधा पहिल्याच ओळीत 224 कोटी लिहितो. आकडा खरा आहे, पण कवितेतल्या कोणीही तो मोजलेला नाही. तो वर्तमानपत्रातून आला आणि वर्तमानपत्रासारखाच वाचला जातो. कामगाराच्या घरात मोजलं गेलं ते वय. म्हणून मी असं लिहून पाहिलं:

भोंगा थांबला तेव्हा
बाबा एकेचाळीसचे.
पैसे आले तेव्हा आईनं
वयाच्या रकान्यात स्वतःचं सत्तर लिहिलं,
बाबांच्या रकान्यात, मयत.

इथे साल नाही आणि कोटीही नाहीत. तरी मिलची गोष्ट माहीत असलेला मधली बत्तीस वर्षं आपण होऊन मोजतो: आई तेव्हा अडतीसची असणार, पैसे आले तेव्हा बाबा त्र्याहत्तरचे असते. ही वजाबाकी कवीनं करून दाखवली की ओळ मेली. एकेचाळीसही उगाच आलेलं नाही. पंचविशीतला माणूस दुसरीकडे काम शोधतो, पंचावन्नचा निवृत्तीच्या जवळ पोचलेला असतो. एकेचाळिसाव्या वर्षी नवं काम मिळणं अवघड आणि घरी बसणं अशक्य. आकडा बदलून पाहावा. त्या जागी पंचावन्न घातल्यावर कविता वेगळीच झाली, तर पहिला आकडा काम करत होता. काहीच बदललं नाही, तर तो काढून टाकावा.

आता कानाचा भाग. कागदावर 1991 ही चार चिन्हं दिसतात, पण म्हणताना ‘एकोणीसशे एक्याण्णव’ होतं, म्हणजे पंधरा मात्रा. पादाकुलक या वृत्ताच्या सोळा मात्रांच्या ओळीत ते बसवलं तर बाकी काही सांगायला एक मात्रा उरते. त्यात ‘एकोणीसशे’च्याच नऊ मात्रा झाल्यानं आठव्या मात्रेवरची यती, म्हणजे ओळीतला थांबा, शब्दाच्या पोटात पडते. बोलताना आपण शतक गाळून ‘एक्याण्णव साली’ म्हणतो. त्या दहा मात्रा होतात आणि पुढे क्रियापदाला जागा राहते. छंदोबद्ध लिहिणाऱ्यानं आकडा अक्षरांत लिहून, मोठ्यानं म्हणूनच ओळीत घ्यावा. मुक्तछंदातही माझा आग्रह हाच आहे, कारण ऐकणाऱ्यापर्यंत अंक पोचत नाहीत, शब्दच पोचतात.

अंतराचं थोडक्यात सांगतो. इंदूरहून उज्जैन सुमारे पंचावन्न किलोमीटर, हे रस्त्यावरच्या पाटीचं माप झालं. बसमधल्या माणसाच्या तोंडी ते शोभेल. पायी निघालेला मुक्काम मोजेल, आजारी माणसाला घेऊन निघालेला घड्याळ पाहील. चालणाऱ्याचं माप सापडलं की किलोमीटरची गरज बहुधा उरत नाही.

किमतीचं दुखणं वेगळं आहे, ती शिळी होते. आज पोह्यांची प्लेट अमुक रुपयांना असं लिहिलं, की वीस वर्षांनी वाचणाऱ्याला ते स्वस्त होते की महाग, कळतच नाही. यावर तळटीप देण्यापेक्षा किमतीच्या शेजारी दुसरा आकडा उभा करावा:

खिशात बारा,
पोहे दहाचे.
आम्ही दोघे.

बारा, दहा आणि दोन. भाव पुढे कितीही वाढले तरी ही तंगी कळेल, कारण अर्थ किमतीत नाही, कमी पडणाऱ्या आठ रुपयांत आहे. मात्र यात चौथा आकडा घालू नये. चहाचा भाव आणि उरलेली चिल्लर आली की ऐकणारा हिशेब करू लागतो आणि ते दोघे त्याच्या नजरेआड होतात.

काही आकडे मात्र मोजणीतून निसटलेले असतात. ‘छप्पन दुकान’ म्हटल्यावर इंदुरात कोणी दुकानं मोजत नाही, ते ठिकाणाचं नाव झालं आहे. कवितेत ते नाव म्हणून खुशाल यावं. पण तिथल्या गर्दीत एखाद्या पोरानं बोट दाखवत खरंच दुकानं मोजली आणि त्याची मोजणी अठ्ठेचाळीसवर थांबली, तर तो अठ्ठेचाळीस त्या पोराचा आहे, आणि कवितेत घ्यायचा तो तोच.