हातातलं बिल आणि पुढचा हंगाम

नमस्कार श्रोतेहो. नाशिकची द्राक्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये बोटीने रॉटरडॅमला उतरतात. पैसे युरोत येतात. खर्च मात्र रुपयात: छाटणी, फवारणी, मजुरी, पॅकहाउसचं वीजबिल. अशा एका निर्यातदाराचा हिशेब मांडू. आकडे सोयीसाठी धरलेत.

त्याने एक लाख युरोचं बिल पाठवलं, पैसे तीन महिन्यांनी येणार. आज युरो 90 रुपये आहे. तोवर तो 85 वर आला, तर पाच लाखांची खोट. ही जोखीम या बिलापुरतीच, म्हणून उपायही सरळ. बँकेशी फॉरवर्ड करार करायचा, म्हणजे तीन महिन्यांनी येणारे युरो कोणत्या भावाने विकायचे ते आजच ठरवून टाकायचं. रुपयाचं व्याज युरोपेक्षा चढं असल्याने बँक 90 पेक्षा थोडा जास्तच, समजा 90.75 भाव देते. युरो पुढे कुठेही गेला तरी 90 लाख 75 हजार पक्के.

एक गोम मात्र आहे. देठ वाळले, मणी फुटले, की तिकडचा ग्राहक बिलातून रक्कम कापतो. फॉरवर्ड पूर्ण रकमेचा असेल आणि दरम्यान युरो वधारला असेल, तर कमी पडलेल्या युरोंचा फरक खिशातून भरावा लागतो. म्हणून मुरलेले लोक बिलाचा काही भाग मोकळाच ठेवतात.

आता समजा, युरो 85 वरच ठाण मांडून बसला. एवढ्या मालाला खर्च 80 लाख. पूर्वी दहा लाख उरायचे, आता पाच. पुढच्या हंगामाचं बिल अजून जन्मालाच आलेलं नाही, आणि नवा फॉरवर्डही 85 च्याच आसपास मिळणार. फॉरवर्ड दर वर्षी नवा केला, तरी घसरण थोडी पुढे ढकलली जाते, एवढंच. बिल रुपयात केलं तरी सुटका नाही, कारण ग्राहक तो भाव युरोतच मोजतो. त्याच वेळी त्याच्यासमोर दक्षिण आफ्रिकेचीही द्राक्षं असतात. रँड घसरला, की तिथला बागायतदार भाव उतरवू शकतो. मग रुपया-युरो जागेवर असूनही आपला भाव पडतो.

इथे उपाय धंद्याच्या रचनेतच शोधावा लागतो. शीतगृहासाठी दीर्घ मुदतीचं कर्ज युरोत घेतलं, तर युरो पडल्यावर मिळकतीबरोबर हप्ताही रुपयात हलका होतो. तीन लाख युरोच्या कर्जात पाच रुपयांच्या घसरणीने पंधरा लाखांचा बोजा उतरतो. पण मिळकत युरोत येत राहिली तरच. गारपिटीने बाग गेली, की तेच कर्ज अंगावर येतं.

रँडच्या घसरणीवर मात्र हे कर्ज काही करत नाही. तिथे थोडा माल आखाताकडे वळवणं कामी येतं; दिरहम आणि रियाल डॉलरला बांधलेले आहेत. पण युरोपसाठी बागेची नोंदणी आणि औषधांच्या अंशाच्या कडक मर्यादा पाळाव्या लागतात, म्हणून कोणता प्लॉट कुणीकडे जाणार, हे ऑक्टोबरच्या छाटणीच्या सुमारासच ठरवावं लागतं. बिल फाडायची वेळ येते त्यानंतर कितीतरी महिन्यांनी.