गणपती लॉबीत, पण जिन्याची वाट मोकळी

(दृश्य: पुण्यातल्या एका सात मजली सोसायटीची तळमजल्यावरची लॉबी. रात्रीचे दहा. चार-पाच जण शर्टच्या बाह्या वर करून उभे, मध्ये टेप आणि खडू.)

गणेश चतुर्थीला अजून दोन दिवस आहेत आणि या सोसायटीत डेकोरेशनची सुरुवात माळा-पडदे आणून नाही, खडूने होतेय. लॉबी साधारण १२ फूट रुंद आणि २० फूट लांब. दारातून आत आलं की डाव्या हाताला दोन लिफ्ट, समोर जिना, उजवीकडे सरळ रंगवलेली भिंत. आधीच्या वर्षांत मखर समोरच उभं राहायचं, दारातून पाय टाकला की बाप्पा दिसले पाहिजेत म्हणून, आणि ते बरोबरच वाटायचं, पण त्याने जिन्याचं अर्ध तोंड झाकलं जायचं.

यंदा आधी जिन्यापासून मेन दारापर्यंत लिफ्टच्या बाजूने ५ फुटांचा पट्टा खडूने आखला. या पट्ट्यात काहीच येणार नाही. ना मखर, ना टेबल, ना कुंडी. ५ फूटच का, तर वरच्या मजल्यावरच्या एखाद्या आजोबांना स्ट्रेचरवरून खाली आणायची वेळ आली तर स्ट्रेचर उचलणारे दोघं-चौघं बाजूने चालतात आणि वळताना स्ट्रेचरची लांबीही फिरते. राष्ट्रीय इमारत संहितेत बाहेर पडायच्या दाराची रुंदी कमीत कमी १ मीटर आणि उंची २ मीटर धरलेली आहे, पण तो दाराचा हिशोब झाला, माणसं भरलेल्या लॉबीला त्याहून जास्त जागा लागते.

मग मखर गेलं उजव्या भिंतीला. ३ फूट खोल, भिंतीपासून थोडं सुटं, म्हणजे साडेतीन फूट. लिफ्टकडून ५ फुटांची वाट. मधे उरले साडेतीन फूट, तिथे दर्शनाला उभं राहायचं. एवढ्यात कोणाच्या तरी लक्षात आलं की भिंतीवरचं फायर एक्स्टिंग्विशर पडद्यामागे जातंय, म्हणून सगळं मखर दोन फूट दाराकडे सरकवलं. मीटर रूमचं दार बाहेर उघडतं, तेही एकदा पूर्ण उघडून बघितलं. हे बघायला पाच मिनिटं लागतात, पण मखर उभं राहिल्यावर मात्र कोणी बघत नाही.

(दृश्य: भिंतीचा क्लोजअप. एक बोट भिंतीवर घासलं जातं, बोटाला पांढरी भुकटी.)

आता भिंत. हे बोट बघा. पांढरं आलं म्हणजे वर डिस्टेंपर आहे आणि त्याची पकड सुटत चाललीय. पावसाळ्यात तळमजल्याची भिंत ओल धरते, आतली पुट्टी भुसभुशीत होते, आणि त्यावर डबल साइड टेप लावला की दहा दिवसांत त्याचा गोंद अजून घट्ट बसतो. काढताना मग टेप सुटत नाही, रंग आणि पुट्टीचा पापुद्राच सुटून येतो, कधी कधी थेट प्लास्टर दिसतं. तेवढाच ठिपका रंगवून भागत नाही हो, कारण जुना रंग मळून फिकट झालेला असतो आणि नवा ठिपका लांबून उठून दिसतो, शेवटी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत रंगवावी लागते.

म्हणून एक साधी टेस्ट. नोटीस बोर्डच्या मागे, जिथे दिसणार नाही तिथे, बोटभर मास्किंग टेप लावायचा आणि दुसऱ्या दिवशी काढायचा. टेपच्या मागे रंग आला तर त्या भिंतीला काहीच चिकटवायचं नाही. इथे आला. चौथ्या मजल्यावरच्या काकू तो टेप उजेडात धरून सगळ्यांना दाखवत होत्या.

मग डेकोरेशन स्वतःच्या पायावर उभं केलं. प्लंबरच्या दुकानातले पीव्हीसी पाइप, एल्बो आणि टी लावून ६ फूट रुंद, ७ फूट उंच सांगाडा, आणि चारही पाय रंगाच्या रिकाम्या २० लिटरच्या बादल्यांत वाळू भरून रोवलेले. अशी भरलेली एक बादली तीसेक किलोची होते, लहान मुलं धडकली तरी हलत नाही. सांगाडा भिंतीपासून ४-६ इंच पुढे, म्हणजे पडदा ओल्या भिंतीला घासत नाही आणि मागून हवा खेळते. वर जुन्या सुती साड्यांच्या निऱ्या, सेफ्टी पिनांनी. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे तो प्रश्नच नव्हता. समई मखराच्या आत नाही, समोर पितळी ताटात, आणि कोणी बसलेलं असेल तेव्हाच पेटलेली. रात्री एलईडी. त्याची वायर वाटेवरून आडवी नाही, भिंतीच्या कडेने दाराच्या चौकटीवरून फिरवलेली.

(दृश्य: लिफ्टचं दार बंद होता होता परत उघडतं.)

लिफ्टपाशी मात्र हौस फार असते आणि नडतंही इथेच. या लिफ्टभोवती ग्रॅनाइटची चौकट आहे, तिथे टेप बिनधास्त चालतो, ग्रॅनाइट, स्टील, काच, टाइल यांना काही होत नाही. पण तोरण आखूड हवं, चौकटीच्या वरच्या कडेच्या खाली लोंबता कामा नये. लिफ्टच्या दाराच्या कडेला सेन्सरचे न दिसणारे किरण असतात, त्यात झेंडूची एक लड जरी हलली तरी दाराला वाटतं माणूस आहे, आणि ते परत परत उघडत राहतं. दाराच्या पत्र्यावर तर काहीच चिकटवू नका, दार सरकत चौकटीच्या मागे जातं, तिथे सगळं खरवडून निघतं.

खरा त्रास खाली, उंबऱ्याच्या खाचेत. दार त्या खाचेतून सरकतं. झेंडूच्या पाकळ्या, तांदूळ, रांगोळीची भुकटी तिथे साचली की दार शेवटच्या अर्ध्या इंचाला अडतं, कुलपाचा काँटॅक्ट जुळत नाही, आणि काँटॅक्ट जुळल्याशिवाय लिफ्ट हलतच नाही. सगळ्यांना वाटतं लाइटचा प्रॉब्लेम. लिफ्ट अशी रुसली तर आधी मोबाइलचा टॉर्च लावून खाच बघा. सुक्या ब्रशने कचरा स्वतःकडे ओढून सुपलीत घ्यायचा, आत ढकलला तर फटीतून लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात, पिटमध्ये पडतो. पाणी अजिबात ओतायचं नाही. म्हणूनच इथली रांगोळी लिफ्टपुढे नाही, मखरासमोर एका प्लायवूडच्या फळीवर काढलीय, वाटेपासून लांब. गुळगुळीत टाइलवर रांगोळीची भुकटी पसरली की म्हातारी माणसं घसरतात.

(दृश्य: संध्याकाळची आरती. झांजा, टाळ्या. वाटेवर दोन मुलं उभी.)

आरतीला माहीत असलेली अडचण आलीच. मखर जागेवर, वाट आखलेली, पण माणसं येऊन बरोब्बर वाटेवरच उभी राहिली, आणि चपलांचा ढीग जिन्याच्या पहिल्या पायरीवर. माणसाला मखरासारखं खडूने नाही थांबवता येत. दुसऱ्या दिवसापासून चपलांचा स्टँड पार्किंगमध्ये गेला, लॉबीत फक्त ताट धरणारे आणि बसून आरती करणारी वयस्कर मंडळी, बाकी सगळे दाराबाहेर पार्किंगमध्ये, तिकडे छोटा स्पीकर. दोन मोठी मुलं वाटेवर उभी असतात, कोणी जिन्यातून आलं की त्यांना पुढे काढून देतात.

विसर्जनानंतर उतरवायचं काम त्याच रात्री, दमलो म्हणून ठेवायचं नाही. ग्रॅनाइटवरचा टेप एका टोकाने धरून स्वतःवरच दुमडत, भिंतीला जवळपास समांतर, हळूहळू ओढायचा. अडला तर हेअर ड्रायरने जरा गरम करायचा, गोंद मऊ पडतो, उरलेला कापडाला थोडं खोबरेल तेल लावून पुसला की जातो. आणि सगळ्यात शेवटी दोन्ही लिफ्टच्या खाचा, ब्रश घेऊन, प्रत्येक मजल्यावर, कारण अक्षतांचे तांदूळ आणि पाकळ्या लोकांच्या पायांनी सातव्या मजल्यापर्यंत गेलेल्या असतात.